वसंत पंचमी, अक्षरारंभ आणि तांदळाचं ताट: लिहायचं नेमकं काय?

मुग्धा_पुणे

नमस्कार मंडळी. लेक २ वर्षं ९ महिन्यांचा आहे. सासूबाई मूळच्या धर्माबादच्या. त्यांच्याकडे मुलाचा अक्षराभ्यास बासरला, सरस्वतीच्या देवळात, तोही वसंत पंचमीलाच. यंदा पंचमी शुक्रवारी, २३ जानेवारीला आहे. माझ्या आईचं म्हणणं, आपल्यात पाटीपूजन दसऱ्याला, हे माघातलं कुठून काढलंत? दोघींपैकी कुणालाच दुखवायचं नाही, म्हणून पंचमीलाच पण घरी करावं असं चाललंय. (नवऱ्याला रजा नाही हे खरं कारण. ते आमच्यातच राहू द्या.)

माझा प्रश्न मुहूर्ताचा नाहीच. ताटात तांदूळ पसरायचे, मुलाचं बोट धरून लिहायचं, इथवर कळलं. पण लिहायचं काय? सासूबाई म्हणतात 'ॐ नमः शिवाय', आई म्हणते 'श्री गणेशाय नमः', नणंद म्हणते सरळ 'अ' काढा. मागच्या वर्षी ओळखीतल्या एकांकडे गेले होते, तिथे गुरुजी मुलीच्या समोर बसून तिचं बोट फिरवत होते. ती भोकाड पसरून रडत होती, आणि शेवटी ताटात पाहिलं तर काहीच उमटलेलं नव्हतं. तेवढं टाळायचंय.

टिकोजी

सही शिकवा. पुढे गृहकर्जाच्या कागदांवर तीच लागते, ॐ कुणी विचारत नाही.

मनीषा_सोलापूर

अगं, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. यंदा रथसप्तमी रविवारी, २५ ला आहे, सगळ्यांना सुट्टी. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि बोरं लहान बघून घे, मोठी डोक्यावर जोरात लागतात. चुरमुरे भरपूर ठेव.

मुग्धा_पुणे

मनीषाताई, ते बोरन्हाण. त्याचं झालंय मागच्या वर्षी. मी अक्षरारंभाबद्दल विचारतेय.

मनीषा_सोलापूर

अगंबाई! माघ आणि लहान मूल एवढंच वाचलं मी. असू दे, चुरमुरे तरी ठेवच. मुलं रडायला लागली की कामाला येतात.

धर्माबादकर

तुमच्या सासूबाईंच्या गावचाच. आमच्याकडे मूल बसायला लागलं की आजी विचारायची, "बासरला कधी?" नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की धर्माबादनंतर, गोदावरी ओलांडायच्या आधीच, बासर आलंच. राज्य बदलतं, पण आमच्या लेखी ते शेजारचं गाव. गोदेच्या काठी व्यासांनी रोज मूठभर वाळू आणून देवी घडवली, अशी तिथली कथा आहे. देवीच्या मूर्तीला हळदीचा लेप असतो आणि तीच हळद प्रसाद म्हणून जिभेवर ठेवतात. माझ्या लेकीला अक्षरापेक्षा ती हळदच जास्त लक्षात राहिली, घरी आल्यावर डब्यातली हळद चाटताना सापडली.

तिथे बरीच कुटुंबं ओळीने बसतात. मूल आईच्या नाहीतर बापाच्या मांडीवर, पुढ्यात नवी पाटी. पाटीला तिकडे पलक म्हणतात आणि पाटीवरच्या पेन्सिलीला बलपं. पुजारी मोठ्याने सांगतात आणि हात धरून लिहायचं काम आईबापाचं. म्हणजे गर्दी कितीही असली तरी मुलाच्या हातावर हात घरच्याचाच. तुम्ही सांगितलेला समोर बसायचा प्रकार मी तिथे पाहिला नाही.

माझी लेक ऐन वेळी झोपली. झोपेतच तिचा हात धरून आम्ही ॐ काढला. आता ती ११ वर्षांची आहे, आणि गृहपाठ झोपेत करते असं तिच्या बाई म्हणतात.

हरिभाऊ_७२

मुग्धाताई, सासूबाईंचंच बरोबर आहे. आपण 'कामाचा ओनामा केला' म्हणतो ना, तो शब्दच 'ॐ नमः शिवाय'वरून आला. पहिली अक्षरं ओ, ना, मा. तेव्हा वाद संपला. आणि शास्त्राने वय पाच पूर्ण सांगितलंय. पावणेतीन म्हणजे घाई. आमचं पाचव्या वर्षी दसऱ्याला झालं. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून, झेंडू वाहून. अक्षर आजही मोत्यासारखं आहे.

जुनी_पोथी

हरिभाऊ, निम्मं बरोबर. मराठीतला ओनामा 'ॐ नमः सिद्धम्' मधून आला. पंतोजींच्या शाळेत मुलं 'ओनामासीधं' असं एका दमात म्हणायची आणि मगच मुळाक्षरांना हात घालायची. फळीवर बारीक धूळ पसरून, काडीने नाहीतर बोटाने गिरवायचं. म्हणून तर धुळाक्षरं हा शब्द. ताटातले तांदूळ म्हणजे त्या धूळपाटीचीच सोवळी बहीण.

सिद्धम् कुठून आलं यावर मात्र भांडता येतं. जैन मंडळी म्हणतात तो सिद्धांना केलेला नमस्कार आहे. दुसरे म्हणतात 'कार्य सिद्धीस जावो' एवढाच अर्थ. व्याकरणाचे विद्यार्थी कातंत्राकडे बोट दाखवतात, कारण त्याचं पहिलं सूत्रच 'सिद्धो वर्णसमाम्नायः' असं आहे, म्हणजे वर्णमाला सिद्धच आहे, ती तशी घ्या. राजस्थानातल्या जुन्या शाळांत मुलं हे सूत्र 'सीधो वरना' असं मोडून-तोडून घोकायची. अर्थ मास्तरांनाही ठाऊक नसायचा.

आता वय. 'प्राप्ते पञ्चमे वर्षे' असं वचन आहे, म्हणजे पाचवं लागलं की. पाच पूर्ण नव्हे, चार पूर्ण. एका वर्षाचा फरक पडतो.

हरिभाऊ_७२

पोथीकाका, तुमच्या सिद्धम् ला नमस्कार. पण आमचे शेजारी वरंगळचे आहेत. त्यांच्याकडे मुळाक्षरांना आजही ओनमालु म्हणतात आणि मुलाकडून 'ॐ नमः शिवाय' लिहून घेतात. ते सगळे चुकीचे?

जुनी_पोथी

नाही हो. तिकडे 'ॐ नमः शिवाय सिद्धं नमः' असं जोडून म्हणतात, दोन्ही आहे त्यात. म्हणजे सासूबाई त्यांच्या प्रांताच्या हिशोबाने चोख. मराठीत शिव गळला की तेलुगूत नंतर शिरला, यावर मी आणि माझा एक मित्र वीस वर्षं चहा पितोय.

मुग्धाताईंच्या कामाचं एवढंच, की गृह्यसूत्रांत हा संस्कार नाहीच. मुंज आहे, चौल म्हणजे जावळ आहे, विद्यारंभ नाही. कौटिल्य राजपुत्राबद्दल सांगतो की चौल झालं की लिपी आणि अंक शिकवावेत. रघुवंशात रघूही चौल झाल्यावरच लिपी शिकतो आणि नदीच्या मुखातून समुद्रात शिरावं तसा वाङ्मयात शिरतो. म्हणजे शिकणं होतं, पण त्याला मुहूर्त, मंत्र आणि ताट हे नंतरच्या निबंधग्रंथांतून आलं. म्हणूनच प्रांतागणिक दिवस वेगळा. केरळात विजयादशमीला तांदळात 'हरिश्री' लिहितात, बंगाल्यांत वसंत पंचमी, आपल्यात दसरा, काही घरांत पाडवा. आई आणि सासूबाई या दोघींत शास्त्र कुणाच्या बाजूने, हे शोधायला गेलात तर शास्त्र घरी नसतं.

टिकोजी

'शास्त्र घरी नसतं.' हे उखाण्यात बसवून द्या कुणीतरी.

सायली_कोलकाता

लग्न होऊन इथे आले. इथे याला हातेखोडी म्हणतात, खोडी म्हणजे खडू. सरस्वतीच्या मूर्तीपुढे पिवळ्या कपड्यांतलं मूल, पाटी, आणि पुरोहित किंवा घरातलं कुणी मोठं माणूस हात धरून अ, आ, क, ख काढून घेतं. वह्या-पुस्तकं, लेखण्या सगळं देवीच्या पायाशी. त्या दिवशी अभ्यास करायचा नाही असा नियम आहे आणि मुलं तो नियम जिवापाड पाळतात. अजून एक, सरस्वतीपूजा होईपर्यंत बोरं खायची नाहीत. खाल्ली तर परीक्षेत नापास. मी सांगितलं की आमच्याकडे याच दिवसांत बोरं मुलांच्या डोक्यावर ओततात, तेव्हा सासूबाई गप्पच झाल्या.

तारखेचा घोळ इथेही होतो. गेल्या वर्षी, २०२५ ला, पंचमी २ फेब्रुवारीला सकाळी नऊच्या पुढे लागली आणि ३ ला सकाळी सातच्या आत संपली. पुण्यात ३ तारखेला सूर्य उगवायच्या आतच पंचमी संपलेली, पण कोलकात्यात सूर्य लवकर उगवतो, म्हणून इथे ३ च्या सूर्योदयाला पंचमीच होती. आमच्या एकाच इमारतीत दोन दिवस पूजा झाली. यंदा तो घोळ नाही.

लेकीचा_बाप

थोडा वेगळा सूर. आमच्याकडे मुलीचा पहिला अक्षर-दिवस ३ जानेवारीला केला, सावित्रीबाईंच्या जयंतीला. माझ्या पणजीच्या हातात कुणी पाटी दिली नव्हती, दसऱ्यालाही नाही आणि पंचमीलाही नाही. १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात शाळा सुरू झाली, तेव्हा ती वाट खुली झाली. मुहूर्त कुणाचा धरायचा हे ज्याने त्याने ठरवावं. ताट आणि तांदूळ मात्र आम्हीही घेतले होते, कारण मुलीला मजा आली.

हरिभाऊ_७२

प्रत्येक धाग्यात हे आणलंच पाहिजे का?

लेकीचा_बाप

अक्षर पहिल्यांदा कुणाला मिळालं याचा धागा आहे ना? मग हे इथेच येणार.

जुनी_पोथी

येऊ द्या हरिभाऊ. मुळात 'पाचवं वर्ष' म्हणणारी ती सगळी वचनं कोणाच्या मुलांबद्दल बोलत होती, हेही विचारायला हवं.

शिल्पा_बालवाडी

२२ वर्षं बालवाडी चालवतेय, म्हणून थोडं लांब लिहिते. मुग्धा, तुझ्या ओळखीच्यांकडे काय बिघडलं ते मला इथूनच दिसतंय.

पहिली गोष्ट बसण्याची. समोर बसून काढलेलं अक्षर लिहिणाऱ्याला सुलट दिसलं की मुलाला उलटं दिसतं. शिवाय हात स्वतःच्या अंगापासून दूर ओढला जातो, त्याने मूल घाबरतं. धर्माबादकर म्हणाले तेच बरोबर. मूल मांडीवर, पाठ तुझ्या पोटाला टेकलेली, दोघांचं तोंड एकाच दिशेला. बोटाचं टोक चिमटीत पकडू नकोस. तुझा तळवा त्याच्या मनगटामागे ठेव आणि तर्जनी मोकळी राहू दे. खांदा वर चढला किंवा बोट ताठ झालं तर थांब, पुढची पायरी रडणं आहे.

दुसरी तांदळाची. लोक भरभरून तांदूळ ओततात, शोभेला बरं दिसतं म्हणून. जाड थरात बोट फिरलं की मागचे दाणे घसरून खाच बुजते, म्हणूनच शेवटी काहीच उमटत नाही. थर फार तर अर्ध्या सेंटीमीटरचा हवा, बोट फिरलं की तळ दिसला पाहिजे. आणि स्टीलच्या ताटात पांढरा तांदूळ नको, वेगळा दिसत नाही. पितळेची नाहीतर तांब्याची परात घे. आदल्या रात्री स्वतः एक रेघ ओढून बघ. तांदळाची कणी घेतलीस तर खाच सगळ्यात छान उमटते, आम्ही बालवाडीत तीच वापरतो.

तिसरी अक्षराची. बोटाची रेघ जाड असते, त्यामुळे परातीत एका वेळी एकच अक्षर मावतं. 'श्री गणेशाय नमः' एकदम लिहायला गेलीस तर गिचका होईल. एक काढायचं, परात हलवून सपाट करायची, मग दुसरं. एवढ्या वेळात तुझा लेक उठून जाईल. त्याच्या वयाला उभी रेघ जमते. गोल साधारण तीनच्या आसपास, अधिकची खूण चारच्या सुमारास, चौकोन साडेचार-पाचला. 'श्री'त तिरकी रेघ, गाठ, वळण आणि वर वेलांटी. ते तू लिहिशील, तो फक्त हात देईल. पूजेपुरतं ते चालेल. पण त्याचं स्वतःचं काहीतरी हवं असेल तर शेवटी हात सोड आणि एक उभी रेघ ओढू दे. ग, म, भ, न या सगळ्यांत ती उभी रेघ आहेच, आणि आपल्याकडे अ आ इ ई च्या आधी गमभन गिरवायची पद्धत होती, ती उगाच नव्हे.

आणि दुसऱ्या दिवसापासून वही-पेन्सिल देऊ नकोस. या विधीने मूल लिहायला लागत नाही. या वयात मुठीत पेन्सिल धरतात, त्याला तीन बोटांत धर म्हणून मागे लागलीस तर पुढे लिहायचाच कंटाळा करतं. कणीक मळू दे, वाळूत खेळू दे.

मुग्धा_पुणे

शिल्पाताई, याचा प्रिंट काढून फ्रिजला लावलाय. एकच अडचण, सासूबाई कणीला तयार नाहीत. म्हणाल्या, "अक्षत म्हणजे न तुटलेला. तुटक्या तांदळावर अक्षर कसं काढायचं?" मला उत्तर सुचलं नाही.

शिल्पा_बालवाडी

बरोबर आहे की त्यांचं. मग आखूड दाण्याचा अख्खा तांदूळ घे. लांब दाणा घेऊ नकोस, तो आडवातिडवा पडतो आणि रेघेची कड फाटते.

मनीषा_सोलापूर

आंबेमोहोर घे. वासाने मूल शांत बसतं. (हे मी आत्ता ठरवलं.)

डावखुरा_बाप

माझा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मुलगा डाव्या हाताने सगळं करतो. चमचा डावा, चेंडू डावा. दसऱ्याला वडिलांनी त्याचा उजवाच हात धरला. दोनदा त्याने सोडवून घेतला, तिसऱ्यांदा ताट उलटं केलं. मला लहानपणी पट्टीचा मार खाऊन उजव्यावर आणलं होतं, म्हणून मी गप्प बसलो नाही. मग वडिलांचं आणि माझं जे झालं ते सरस्वतीने ऐकलंच. आजही तो विषय निघाला की जेवण लवकर आटपतं. असं काही वचन आहे का पोथीकाका, की उजवाच?

जुनी_पोथी

पूजेत देणं-घेणं उजव्याने करायचं हा सर्वसाधारण संकेत आहे. अक्षर डाव्याने काढू नये असं वचन माझ्या वाचनात नाही. वडिलांना सांगा, फूल उजव्याने वाहू दे, अक्षर डाव्याने काढू दे.

शिल्पा_बालवाडी

पावणेतीन-तीनला हात पक्का ठरलेला नसतो बऱ्याच मुलांचा. पण ज्याचा ठरलाय त्याचा ओढू नका. कुठला हात पुढे येतो बघा आणि त्याच्या मागे जा.

हरिभाऊ_७२

यावर मी सहमत आहे. माझा धाकटा भाऊ डावखुरा होता, मास्तरांनी हात बांधून ठेवला होता एक सत्र. पुढे तो तोतरा बोलायचा. कारण तेच होतं की नाही, देव जाणे.

धर्माबादकर

पंचमी झाली की हो. मुग्धाताई, काय झालं ते सांगा. आजी विचारतेय. (खरंच विचारतेय, तिला हा धागा वाचून दाखवतो.)

मुग्धा_पुणे

सांगते. सकाळी साडेआठला बसलो. पितळेची परात, सासूबाईंनी निवडून दिलेला अख्खा आंबेमोहोर, थर पातळ. आदल्या रात्री तीन वेळा रेघ ओढून बघितली. पहिल्यांदा थर जाड झाला होता, रेघ खरंच बुजली. वाटीभर काढून टाकल्यावर तळ दिसला. आईही आली होती. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून तिने ती परातीशेजारी ठेवली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त हळदीकुंकू आधी पाटीला वाहिलं. मी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

लेक मांडीवर. आधी ॐ काढला, सासूबाईंसाठी. परात हलवली. मग श्री, आईसाठी. श्रीच्या गाठीपाशी त्याचा खांदा वर चढला, मला लगेच जाणवलं, थांबले. वेलांटी राहिलीच. आई म्हणाली, "श्र झालं." सासूबाई म्हणाल्या, "चालतं, देवाला कळतं." या दोघी एकमेकींशी सहमत झालेल्या मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिल्या.

मग हात सोडला. त्याने परातीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि वरून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली. त्यानंतर दोन्ही हातांनी सगळं पुसून टाकलं, परातीत एक पाय ठेवला आणि मूठभर तांदूळ तोंडात घातले. रडला नाही. चुरमुरे लागलेच नाहीत मनीषाताई, ते मीच खाल्ले.

एक राहिलं. त्या तांदळाचं आता काय करायचं? पाय पडलाय त्यात. सासूबाई म्हणतात नदीत सोडायचे, आई म्हणते अन्न टाकायचं नाही.

धर्माबादकर

आजी म्हणते, धुऊन खीर करा आणि ज्याचा पाय पडला त्यालाच खायला घाला.

टिकोजी

आणि रेघ? ती अ ची, ग ची की एकची?

मुग्धा_पुणे

विचारलं त्याला. म्हणाला, "रस्ता."